चुलतीचा मृत्यू आणि कुटुंबाची व्याख्या: दुखवटा रजेच्या एका कलमाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण चाकण औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यातील आणि 2023 सालातील आहे. संबंधितांची ओळख पटू नये म्हणून कारखान्याचे व व्यक्तींचे नाव दिलेले नाही आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. रजेच्या धोरणातील एक कलम नव्याने लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले होते, त्यामुळे जुन्या कलमाची भाषा, त्यावरून उठलेला वाद आणि नव्या मसुद्याच्या तिन्ही आवृत्त्या मला पाहता आल्या.

यंत्रचालक म्हणून काम करणारा एक कामगार मूळचा बीड जिल्ह्यातला. त्याचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जात असल्याने तो लहानपणापासून चुलत्याकडे राहिला. चुलते लवकर गेले, त्यांना मूलबाळ नव्हते आणि पुढे विधवा चुलतीनेच त्याला दहावीपर्यंत शिकवले. एका मंगळवारी रात्री त्या चुलतीचे निधन झाले. त्याने सुपरवायझरला मोबाइलवर निरोप पाठवला, रात्रीच गाव गाठले आणि बुधवारी सकाळी अग्नी दिला. दहावा आणि तेरावा त्यालाच करायचा होता, म्हणून तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्यानंतरच्या आठवड्याअखेरचा रविवार उलटून सोमवारी, कामावर परतला. गुरुवारची साप्ताहिक सुट्टी दोनदा वगळली तर त्याचे 10 कामाचे दिवस भरले नव्हते. मनुष्यबळ विभागाने चुलती ही कुटुंबाच्या व्याख्येत बसत नाही असे कळवून दहाही दिवस बिनपगारी धरले, आणि विनापरवाना गैरहजेरीमुळे त्या महिन्याचा हजेरी बोनसही कापला गेला. युनियनने तक्रार नोंदवली ती पगारासाठी नव्हे, तर हजेरीपत्रकावर पडलेल्या ‘विनापरवाना’ या शेऱ्यासाठी.

जुने कलम तीन वाक्यांचे होते. ‘कर्मचाऱ्याच्या कुटुंबातील सदस्याचा मृत्यू झाल्यास वर्षातून 3 दिवस सलग सवेतन रजा देण्यात येईल. कुटुंब म्हणजे पती अथवा पत्नी, अपत्ये आणि कर्मचाऱ्यावर अवलंबून असलेले आई-वडील. रजेच्या अर्जासोबत मृत्यूचा दाखला सादर करणे बंधनकारक राहील.’ वाचताना यात आक्षेपार्ह काही वाटत नाही आणि अशीच भाषा असलेली धोरणे पुष्कळ ठिकाणी आहेत. पण यातील जवळजवळ प्रत्येक शब्द दुसऱ्याच कामासाठी घडवलेला आहे.

सर्वांत मोठी गडबड कुटुंबाच्या व्याख्येत होती. ती कोठून आली हे शोधायला फार वेळ लागला नाही, कारण त्या वेळी लागू असलेल्या ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या कायद्यात कुटुंबाची व्याख्या करताना पती किंवा पत्नी, अपत्ये आणि अवलंबून असलेले आई-वडील याच क्रमाने शब्द येत होते. तिथे जोडीदाराचे अवलंबून असलेले आई-वडील आणि आधी वारलेल्या मुलाची पत्नी व अपत्येही होती, पण भाऊ-बहीण नव्हते. कर्मचारी राज्य विम्याच्या तेव्हाच्या कायद्यातील व्याख्याही मुख्यतः अवलंबित्वावरच उभी होती. हे योग्यच आहे, कारण कर्मचारी मरण पावल्यावर पैसे कोणाला मिळावेत किंवा त्याच्या विम्यावर उपचार कोणाला मिळावेत, हे ठरवणे एवढेच त्या व्याख्यांचे काम असते. दुखवटा रजेत प्रश्न नेमका उलटा असतो: मरण पावलेली व्यक्ती दुसरीच असते, आणि तिच्या जाण्याने कर्मचाऱ्यावर कोणते दुःख व कोणती जबाबदारी येते हे पाहायचे असते. तिथे कोण कोणाच्या पैशावर जगत होते याचा काहीही संबंध नाही.

याचा परिणाम फक्त चुलतीपुरता नव्हता. त्याच कारखान्यातील तपासणी विभागातील एका महिलेचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले आणि निवृत्तिवेतन घेणारे होते, म्हणजे कलमाच्या शब्दांनुसार ‘अवलंबून’ नव्हते. ते गेले तेव्हा कारकुनाने माणुसकी दाखवून रजा मंजूर केली, पण त्यासाठी अर्जावर वडील अवलंबून असल्याचे खोटे लिहून घेतले. सख्खा भाऊ गेलेल्या एका कामगाराला मात्र काही मिळाले नाही, कारण भावाला अवलंबून ठरवण्याची सोयच कलमात नव्हती. ज्या कलमाचा सहृदय वापर करायला खोटी नोंद करावी लागते, ते कलम चालू आहे असे समजणे ही फसगत असते, आणि अशा खोट्या नोंदी सापडणे ही शब्दरचना बिघडल्याची सर्वांत खात्रीची खूण आहे.

इथे कायद्याची बाजू थोडक्यात सांगावी लागेल. खाजगी आस्थापनेतील कर्मचाऱ्याला जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर रजा मिळण्याचा सर्वसाधारण वैधानिक हक्क भारतात नाही. त्या वेळी या कारखान्याला लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमात कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस या दराने अर्जित रजा होती, पण तिचा अर्ज किमान 15 दिवस आधी करावा लागे. आजारपणासाठी या मुदतीला अपवाद होता, मृत्यूसाठी नव्हता. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, पण तो कायदा कारखान्यातील कामगारांना लागू नाही. म्हणून अशा प्रसंगी माणसाच्या हातात काय पडेल हे जवळजवळ पूर्णपणे कंपनीच्या कलमातील शब्दांवर, किंवा युनियनशी झालेल्या करारावर अवलंबून असते.

पहिला नवा मसुदा व्यवस्थापनाने स्वतःच तयार केला होता. त्यात जुन्या व्याख्येपुढे ‘किंवा व्यवस्थापनाच्या मते कुटुंबातील सदस्यासमान असलेली व्यक्ती’ एवढे शब्द जोडले होते. हेतू उदार होता आणि चुलतीचे प्रकरण त्यात बसलेही असते. पण व्यवस्थापनाचे मत म्हणजे प्रत्यक्षात रात्रपाळीला हजर असलेल्या सुपरवायझरचे मत, आणि दोन सुपरवायझरांची मते एक असतील याची हमी कोण देणार? एकाने मामासाठी रजा दिली आणि दुसऱ्याने आजीसाठी नाकारली, की वाद पुन्हा तिथेच येतो. शिवाय यात कर्मचाऱ्याला काय सांगावे लागेल आणि अधिकाऱ्याने काय पाहावे याचा उल्लेखच नव्हता.

दुसरा मसुदा युनियनकडून आला आणि तो नेमका विरुद्ध टोकाचा होता. त्यात चुलता-चुलती, मामा-मामी, मावशी-काका, आत्या, चुलत, मावस, आते व मामे भावंडे, साडू, व्याही, विहीण अशी लांबलचक यादी होती. आपल्याकडे नात्यांना इतके नेमके शब्द आहेत की यादी करायला बसले तर मोह आवरत नाही. व्यवस्थापनाने खर्चाचा मुद्दा काढला, पण माझा आक्षेप वेगळा होता. एवढी मोठी यादी करूनही सावत्र वडील, लग्न न करता सोबत राहणारा जोडीदार आणि घटस्फोटानंतर मुलांचा बाप म्हणून संबंधात असलेला माणूस सुटलेच होते. उलट ज्याचे तोंड वर्षानुवर्षे पाहिले नाही अशा चुलत भावासाठी रजा हक्काची झाली होती. यादी कितीही वाढवली तरी ती रक्ताचे आणि लग्नाचे अंतर मोजते. कोणी कोणाला वाढवले आणि कोणाच्या तिरडीला कोणाला खांदा द्यावा लागतो, हे तिला कळत नाही.

तिसऱ्या मसुद्यासाठी बाहेरच्या दोन कायद्यांचा उपयोग झाला. न्यूझीलंडच्या 2003 च्या सुट्ट्यांविषयीच्या कायद्यात ठरावीक जवळच्या नात्यांसाठी 3 दिवसांचा हक्क आहे, आणि यादीबाहेरच्या कोणाही व्यक्तीसाठी 1 दिवसाची सोय आहे. ती देताना मालकाने कर्मचाऱ्याची मृताशी जवळीक, अंत्यविधीच्या व्यवस्थेत त्याच्यावर मोठी जबाबदारी होती का, आणि त्याच्यावर कोणती सांस्कृतिक कर्तव्ये आहेत, या गोष्टी विचारात घ्यायच्या असतात. म्हणजे विवेकाधिकार आहे, पण तो ठरावीक प्रश्नांना बांधलेला आहे. ब्रिटनमध्ये 2020 पासून मूल गमावलेल्या पालकांना 2 आठवड्यांची रजा मिळते आणि तिथे पालक या शब्दात जन्मदात्यांच्या पलीकडे, मृत्यूपूर्वी किमान 4 आठवडे मूल ज्याच्या घरी राहत होते आणि ज्याच्यावर त्याची रोजची जबाबदारी होती, त्यालाही धरले जाते. नाते कागदावरून नव्हे तर सांभाळण्यावरून ठरवण्याचे हे उदाहरण आम्हाला उपयोगी पडले, फक्त आमच्या प्रकरणात दिशा उलटी होती: सांभाळणारी व्यक्ती गेली होती आणि सांभाळलेला मागे राहिला होता.

शेवटी मान्य झालेल्या कलमाचा गाभा असा आहे. ‘(क) पती, पत्नी किंवा एकत्र राहणारा जोडीदार, अपत्य, आई किंवा वडील यांच्या मृत्यूनंतर 7 दिवस. (ख) भाऊ, बहीण, आजी, आजोबा, नातवंड, सासू, सासरे, सून, जावई, तसेच कर्मचाऱ्याच्या अपत्याचा दुसरा पालक यांच्या मृत्यूनंतर 3 दिवस. (ग) इतर कोणाही व्यक्तीच्या मृत्यूनंतर 1 दिवस, जर कर्मचारी त्या व्यक्तीसोबत एका घरात राहत असेल, किंवा तिच्याशी त्याचे दीर्घकाळचे निकट संबंध असतील, किंवा रूढीनुसार त्याची उपस्थिती आवश्यक असेल. वरील नाती सख्खी, सावत्र किंवा दत्तक असा भेद केला जाणार नाही. ज्या व्यक्तीने कर्मचाऱ्याला लहानपणी आई-वडिलांच्या जागी सांभाळले ती, आणि ज्याला कर्मचाऱ्याने तसे सांभाळले ती व्यक्ती, गट (क) मध्ये धरली जाईल. मृत व्यक्ती कोणत्याही गटातील असली तरी अंत्यविधी किंवा उत्तरकार्य ज्या कर्मचाऱ्याने करावयाचे आहे त्याला 2 दिवस अधिक मिळतील. ही रजा प्रत्येक मृत्यूसाठी स्वतंत्र राहील, कामाच्या दिवसांत मोजली जाईल, आणि मृत्यूच्या दिवसापासून 56 आठवड्यांच्या आत एकत्र किंवा तुकड्यांनी घेता येईल.’

या मजकुरात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांभाळण्याचे वाक्य. ते गट (ग) मध्ये ठेवावे, म्हणजे अशा व्यक्तीसाठी 1 दिवस मिळेल, असा प्रस्ताव चर्चेत आला होता. पण मग चुलतीने वाढवलेल्या कामगाराला साडूच्या मृत्यूइतकीच रजा मिळाली असती. जी व्यक्ती आईच्या जागी होती ती आईच्याच गटात बसली पाहिजे, दयेच्या गटात नाही. सासू-सासरे स्त्री आणि पुरुष दोघांच्याही बाजूने एकाच गटात ठेवण्याचाही आग्रह धरावा लागला, कारण एका बैठकीत सुनेसाठी सासू-सासरे गट (क) मध्ये आणि जावयासाठी गट (ग) मध्ये असावेत अशी सूचना गांभीर्याने मांडली गेली होती. सासरी राहून सासूची शुश्रूषा केलेल्या सुनेला 3 दिवस अपुरे पडतील हा त्यामागचा मुद्दा खरा आहे. पण तिला ती भरपाई उत्तरकार्याच्या अधिक दिवसांतून आणि अर्जित रजेतून मिळू शकते, धोरणाने सून आणि जावई यांच्या कर्तव्यात फरक लिहून ठेवण्याची गरज नाही.

‘सलग’ हा शब्द काढण्याला लेखा विभागाचा विरोध होता, कारण तुकड्यांनी घेतलेल्या रजेची नोंद ठेवणे त्रासाचे असते. इथे याच कामगाराचे दिवस मोजून दाखवले. मंगळवार हा पहिला दिवस धरला तर दहावा पुढच्या गुरुवारी आणि तेरावा त्यानंतरच्या रविवारी येत होता. पहिल्या आठवड्यातील बुधवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे 4 कामाचे दिवस त्याला हवेच होते. सोमवार ते बुधवार हे 3 दिवस तो येऊन काम करू शकला असता, आणि तसे त्याने चौकशीत सांगितलेही. दहाव्याचा गुरुवार सुट्टीचाच होता. मग शुक्रवार ते रविवार हे 3 दिवस तेराव्यासाठी लागले असते. म्हणजे तुकड्यांनी 7 दिवसांत भागले असते. जुन्या कलमात मधे परत आल्यावर पुढची रजा मिळण्याची शक्यताच नसल्याने तो एकदम तेरावा उरकूनच परतला आणि 10 दिवस गेले. सलगची अट ही काटकसर नव्हती, ती अनुपस्थिती वाढवत होती. मुसलमान कामगारांच्या तीजा आणि चाळिसाव्यासाठीही हीच सोय लागू पडते, आणि बौद्ध कुटुंबांतील जलदान विधीसाठीही. कलमात कोणत्याच धर्माच्या विधीचे नाव मुद्दाम घातलेले नाही.

56 आठवड्यांची मुदत ब्रिटनच्या नियमातून घेतली आहे. तिथे ती पहिला स्मृतिदिन मुदतीत यावा म्हणून ठेवलेली आहे. आपल्याकडे वर्षश्राद्ध तिथीने येते आणि मधे अधिक मास पडला तर ते सुमारे 384 दिवसांवर जाते. 56 आठवडे म्हणजे 392 दिवस, त्यामुळे तेही मुदतीत बसते. बारा महिन्यांची मुदत लिहिली असती तर अशा वर्षी ते थोडक्यात बाहेर राहिले असते.

पुराव्याच्या बाबतीत बदल सोपा होता, पण पटवणे अवघड गेले. मृत्यूची नोंद करण्यासाठी कायद्याने 21 दिवसांची मुदत दिली आहे, म्हणजे कामावर परतताना दाखला हातात असेलच असे नाही. आणि दाखला आला तरी त्यातून मृत्यू सिद्ध होतो, नाते नाही: त्यावर मृताचे आई-वडील आणि पती किंवा पत्नी यांची नावे असू शकतात, पण आजीच्या दाखल्यावर नातवाचे किंवा चुलतीच्या दाखल्यावर पुतण्याचे नाव येण्याचा प्रश्नच नसतो. म्हणून नव्या पद्धतीत सुरुवातीला फोन किंवा संदेश पुरेसा धरला आहे. परतल्यावर कर्मचारी मृताचे नाव, मृत्यूची तारीख आणि नाते किंवा संबंध एका वाक्यात लिहून सही करतो. दाखला फक्त शंका आली तर आणि मृत्यूनंतर 60 दिवसांनी मागता येतो. गैरवापराची भीती कारखान्यात नेहमी आजीच्या विनोदाने व्यक्त होते. पण प्रत्येक मृत्यूची नोंद नावासह राहत असल्याने एकच आजी दोनदा गेल्यास ते नोंदवहीत दिसते, आणि खोटे निवेदन हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन ठरतेच. चार आजी-आजोबा मात्र प्रत्येकाला असतात, हे सुपरवायझरांच्या प्रशिक्षणात वेगळे सांगावे लागले.

निर्णय कोणी घ्यायचा हेही कलमातच लिहिले. सुपरवायझरने फक्त निरोप नोंदवायचा, नाकारायचे नाही. मनुष्यबळ अधिकाऱ्याने पुढच्या कामाच्या दिवशी निर्णय द्यायचा, आणि नकार असेल तर कोणती अट पूर्ण होत नाही हे लेखी कळवायचे. हजेरीपत्रकावर व फलकावर ‘रजेवर’ एवढेच दिसते, नाते दिसत नाही. ही गुप्तता जोडीदाराच्या बाबतीत विशेष गरजेची आहे: कलमात विवाहाचा पुरावा किंवा आधी केलेली नोंद मागितलेली नाही, आणि ज्यांच्या सहजीवनाला कायद्याने विवाहाचा दर्जा दिलेला नाही अशा समलिंगी जोडीदारांपैकी कोणी आयुष्यभर लपवलेले नाते दुःखाच्या दिवशी साऱ्या विभागाला सांगेल ही अपेक्षा ठेवता येत नाही.

गर्भपात आणि मृत बालकाचा जन्म यांसाठी वेगळे उपकलम केले, कारण तिथे कायदा आधीच बोलतो. त्या वेळी लागू असलेल्या प्रसूती लाभ अधिनियम, 1961 नुसार गर्भपातानंतर स्त्रीला 6 आठवड्यांची सवेतन रजा होती, आणि त्या कायद्यात अपत्य या शब्दात मृतावस्थेत जन्मलेले बालकही येत होते, त्यामुळे अशा प्रसूतीनंतर पूर्ण प्रसूती रजेचा हक्क राहत असे. दुखवटा रजेच्या कलमामुळे हा हक्क कमी होत नाही, एवढे एक वाक्य पुरेसे होते. पित्यासाठी कायद्यात काहीच नसल्याने त्याला मृत बालकाच्या जन्मानंतर 7 आणि गर्भपातानंतर 3 दिवस दिले.

कलम मान्य झाल्यावर मूळ तक्रारीचा निकाल नव्या शब्दांनुसार मागील तारखेने लावण्यात आला. चुलती गट (क) मध्ये गेली, उत्तरकार्याचे 2 दिवस धरून 9 दिवस सवेतन झाले, उरलेला एक दिवस कामगाराच्या संमतीने अर्जित रजेत टाकला आणि हजेरी बोनस परत मिळाला. ‘विनापरवाना’ हा शेरा खोडून त्यावर अधिकाऱ्याची सही घेतली गेली.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. कारखान्यात यंत्रांवर काम करणाऱ्यांपैकी बरेच जण ठेकेदाराचे कामगार आहेत, आणि कलमातील ‘कर्मचारी’ या शब्दात ते येत नाहीत. ठेकेदाराबरोबरच्या करारात गट (क) साठी 3 दिवस घालण्यापर्यंत व्यवस्थापन आले. सांभाळण्याचे वाक्य आणि तुकड्यांनी रजा घेण्याची मुभा ठेकेदाराने स्वीकारली नाही, कारण त्याच्या बिलात हजर नसलेल्या दिवसाचा पैसा धरलेला नाही. पुढील करारात तो दर वेगळा दाखवावा अशी मागणी युनियनने नोंदवून ठेवली आहे.